कॉफीचा चोथा, चेहरा आणि हरवलेला कंट्रोल

गेल्या दिवाळीत आतेबहिणीने माझ्यासमोर एक काचेची बरणी ठेवली. आत काळसर तपकिरी, ओलसर, खोबरेल तेलात कालवलेलं काहीतरी. वास मात्र झकास. कॉफीचा.

"ताई, तू कॉफी आणि कातडीवरच पीएचडी करतेयस ना? मग सांग, यात माझं काय चुकलं?"

तिने ओढणी बाजूला केली. मानेच्या दोन्ही बाजूंना आणि गळ्याच्या हाडावर राखाडी-तपकिरी पट्टे उठले होते. साखरपुड्याआधी "टॅन घालवायचा" म्हणून तिने तीन आठवडे रोज, कधी दिवसातून दोनदा, हा स्क्रब घासला होता. रंग उजळायचा तो उलटा गडद झाला.

आधी एक खुलासा. माझी पीएचडी कॉफीवर नाही. औषधं त्वचेतून आत कशी जातात यावर आहे. पण या क्षेत्रात कॅफिन हा सरावाचा रेणू आहे. पाण्यात विरघळतो, मोजायला सोपा, स्वस्त आणि टिकाऊ. त्यामुळे नवा विद्यार्थी प्रयोगशाळेत आला की त्याच्या हातात पहिल्यांदा बहुतेक कॅफिनच पडतं. बहिणीचा प्रश्न मी टाळू शकले नाही तो यामुळेच.

तुमच्यापैकी बरेच जण पेटची तयारी करताय किंवा सिनॉप्सिसचा विषय शोधताय. म्हणून कॉफी स्क्रबचे दावे मी आज नुसते "खरे की खोटे" असे निकाली काढणार नाही. प्रत्येक दाव्याला चार प्रश्न विचारू: कोणता पदार्थ? किती? किती वेळ? आणि कशाच्या तुलनेत? या दाव्यांमागे बहुतेक वेळा खरं संशोधन असतं, आणि खरी गंमत तिथेच आहे. फक्त ते या बरणीबद्दल नसतं.

बरणीत नक्की आहे काय?

कॉफी करताना गरम पाणी पुडीतला साधारण पाचवा भाग विरघळवून नेतं. उरतो तो चोथा. पाण्यात सहज जाणारं सगळं निघून गेलेलं असतं आणि पाण्याला दाद न देणारं सगळं मागे राहतं. कॅफिन पाण्यात छान विरघळतं, गरम पाण्यात तर फारच, म्हणून त्याचा मोठा भाग तुमच्या कपात गेला. तेल पाण्यात विरघळत नाही, म्हणून कॉफीच्या बियांतलं बहुतेक तेल चोथ्यातच राहिलं. अरेबिकाच्या बीमध्ये वजनाच्या सुमारे १५ टक्के तेल असतं, तेव्हा हे थोडंथोडकं नाही. तिसरी गोष्ट म्हणजे दाण्याचा सांगाडा, म्हणजे पेशींच्या भिंतींमधला सेल्युलोज, मॅनन आणि लिग्निन. तो कडक असतो आणि पाण्यात उकळूनही विरघळत नाही.

थोडक्यात, चोथा म्हणजे तेलकट, कडक, बारीक कण, आणि त्यात जरासं कॅफिन. जाहिरातीत हा क्रम नेमका उलटा असतो: आधी कॅफिन, मग अँटिऑक्सिडंट, आणि "हळुवार एक्सफोलिएशन" सगळ्यात शेवटी.

आपल्याकडे यात आणखी दोन भानगडी आहेत. आपल्या बहुतेक घरांत कॉफी म्हणजे इन्स्टंट. तिचा चोथा उरतच नाही, ती पूर्ण विरघळते. इन्स्टंट कॉफी, साखर आणि मध असा "कॉफी स्क्रब" कुणी लावत असेल तर तिथे घासण्याचं काम साखर करते. कॉफी फक्त रंग आणि वास देते. दुसरी भानगड फिल्टर कॉफीची. त्या पुडीत बरेचदा चिकोरी मिसळलेली असते. चिकोरी म्हणजे भाजलेलं मूळ, त्यात कॅफिन नसतं. म्हणजे "कॉफीचा चोथा" हे एका पदार्थाचं नावच नाही. एखाद्या पेपरमध्ये कोणती कॉफी, कशी काढलेली आणि किती वाळवलेली हे लिहिलेलं नसेल, तर तुम्ही त्या प्रयोगाची पुनरावृत्ती करूच शकणार नाही. वाचताना पहिली खूण इथे करायची.

कॅफिनचा हिशेब

"कॅफिन त्वचेतून आत जातं" हे वाक्य खरं आहे. अगदी निर्विवाद खरं. फ्रांझ सेल नावाच्या काचेच्या उपकरणात त्वचेचा तुकडा ताणून बसवतात, वर कॅफिनचं द्रावण ठेवतात आणि खालच्या द्रवात ते किती उतरलं ते तासातासाने मोजतात. हे हजारदा मोजून झालंय. केसांच्या मुळांशी असलेल्या नळ्यांतून ते आणखी लवकर आत जातं, हेही जर्मनीतल्या संशोधकांनी माणसांवर दाखवलंय.

पण "जातं" आणि "पुरेसं जातं" यांत फरक आहे. चला, गणित करू. कागद घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

स्थिर अवस्थेत त्वचेतून होणारा प्रवाह असा काढतात:

```
J = kp × C
```

J म्हणजे दर तासाला दर चौरस सेंटिमीटरमधून आत जाणारा पदार्थ. C म्हणजे वरच्या द्रावणातली त्याची संहती. kp म्हणजे त्या रेणूसाठी त्वचा किती "उघडी" आहे याचा आकडा. कॅफिनसाठी kp साधारण ०.०००१ सेंटिमीटर प्रति तास या घरात येतो.

आता बरणी. बहिणीने घेतला तेवढा, म्हणजे कोरडा मोजला तर १० ग्रॅम चोथा घेऊ. कॉफी काढून झाल्यावर त्यात प्रति ग्रॅम ३ मिलिग्रॅम कॅफिन उरलंय असं धरू. हा अंदाज कंजूष नाही. म्हणजे एकूण ३० मिलिग्रॅम. ताज्या ओल्या चोथ्यात एवढ्या वजनाला सुमारे १५ मिलिलिटर पाणी असतं. सगळंच्या सगळं कॅफिन या पाण्यात उतरलंय असंही धरून टाकू. प्रत्यक्षात ते कणांच्या आत अडकलेलं असतं, पण कॉफीच्या बाजूने जितकं उदार होता येईल तितकं होऊ.

संहती झाली २ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, म्हणजे २००० मायक्रोग्रॅम. गुणिले ०.०००१. उत्तर ०.२ मायक्रोग्रॅम, दर चौरस सेंटिमीटरला दर तासाला. पण स्क्रब तासभर ठेवतं कोण? दहा मिनिटं धरली तर ०.०३ मायक्रोग्रॅम. चेहऱ्याचं क्षेत्रफळ ५०० चौरस सेंटिमीटर घेतलं, तर संपूर्ण चेहऱ्यातून आत गेलेलं कॅफिन भरतं सुमारे १७ मायक्रोग्रॅम. एका कप कॉफीत असतं ८० ते १०० मिलिग्रॅम. म्हणजे कपाच्या तुलनेत पाच हजारावा हिस्सा.

यावर तुम्ही दोन आक्षेप घ्यायला हवेत. नसतील घेतले तर आता घ्या.

पहिला: कपातलं कॅफिन सगळ्या शरीरात पसरतं, चेहऱ्यावरचं जागच्या जागी राहतं, मग तुलना कपाशी कशाला? बरोबर आहे. तुलना दुसऱ्या लेपाशी करायला हवी. समजा ३ टक्के कॅफिनचं जेल आहे आणि ते धुवायचं नाही, सहा तास ठेवायचंय. त्याची संहती चोथ्यातल्या पाण्याच्या १५ पट. वेळ ३६ पट. १५ गुणिले ३६ म्हणजे ५४० पट. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरा आक्षेप: घासल्याने वरचा थर पातळ होतो, केसांच्या मुळांचा मार्ग वेगळा आहे, मग हे सूत्र लागू कसं? हाही रास्त. सूत्र अखंड त्वचेसाठी आणि स्थिर अवस्थेसाठी आहे. पण ती अवस्था यायला वेळ लागतो, म्हणजे पहिल्या दहा मिनिटांत प्रत्यक्ष प्रवाह याहून कमीच असणार. आणि समजा सगळे अंदाज आपल्या विरोधात गेले आणि उत्तर दहापट वाढलं. चोथ्याऐवजी इन्स्टंट कॉफी घेतलीत तरी साधारण तेवढंच वाढेल, कारण तिच्यात कॅफिन बरंच जास्त असतं. तरी जेल ५४ पट पुढेच राहतं.

एक गोष्ट अजून धरलीच नाही. बहिणीच्या बरणीत खोबरेल तेल होतं. कॅफिन तेलात जवळजवळ विरघळत नाही. कणाभोवती तेलाचा थर बसला की कॅफिनला कणातून बाहेर पडून त्वचेपर्यंत यायला वाटच राहत नाही. बरणीत कॅफिन आहे हे खरं. पण ते आपल्या जागी बसून आहे.

३४ जण आणि एक जेल

आता डोळ्यांखालच्या सुजेकडे येऊ. "कॅफिन रक्तवाहिन्या आकुंचित करतं, म्हणून सूज उतरते." यंत्रणा ऐकायला पटते, आणि पटणाऱ्या यंत्रणेपाशीच संशोधकाने सावध व्हायचं असतं.

थायलंडमधल्या औषधनिर्माणशास्त्राच्या संशोधकांनी २०११ साली हा प्रश्न नीट विचारला. त्यांनी ३ टक्के कॅफिनचं जेल केलं आणि ३४ स्वयंसेवकांच्या डोळ्यांखालच्या सुजेवर वापरलं. महत्त्वाची गोष्ट ही की त्यांनी तेच जेल कॅफिन न घालताही वापरलं. आपल्या भाषेत हा व्हेइकल कंट्रोल: औषध वगळून बाकी सगळं जसंच्या तसं.

निकाल असा आला की कॅफिनचं जेल आणि बिनकॅफिनचं जेल यांत एकूण पाहता लक्षणीय फरक नाही. सूज कमी होण्याचं श्रेय संशोधकांनी मुख्यतः जेलच्या थंडाव्याला दिलं. पाणी असलेलं जेल त्वचेवर सुकताना थंडावा देतं, बस.

हा पेपर मला आवडतो, कारण कंट्रोल नसता तर काय झालं असतं याची कल्पना करता येते. "कॅफिन जेल लावलं, सूज उतरली" हे वाक्य खरं ठरलं असतं, छापून आलं असतं आणि पुढची दहा वर्षं सगळे त्याचा दाखला देत बसले असते. एका बिनकॅफिनच्या डबीने त्या वाक्याचा अर्थच बदलला.

पण थांबा. याच पेपरमध्ये असंही आहे की २३.५ टक्के स्वयंसेवकांत कॅफिनचं जेल साध्या जेलपेक्षा सरस ठरलं. आता तुम्हीच सांगा, ३४ पैकी २३.५ टक्के म्हणजे किती? ८ जण. या आठ जणांवर कॅफिनचा खरोखर परिणाम होत असेल का? असू शकेल. पण ३४ लोकांत मोजमापाच्या नुसत्या चढउतारानेही काही जण एका बाजूला झुकणारच. हे आठ जण "प्रतिसाद देणारे" आहेत की "त्या दिवशी तसे निघाले", हे ठरवायचं तर त्यांनाच पुन्हा बोलावून तपासावं लागतं. जाहिरात लिहिणारा मात्र हा २३.५ टक्क्यांचा आकडा उचलतो आणि "एकूण फरक नाही" हे वाक्य मागे सोडतो. पेपर वाचताना आधी मुख्य निकाल वाचा, मग गटातले उपगट. कॉफीच्या ब्लॉगांवर क्रम उलटा असतो.

आणि आता ते ५४०. धुवायचं नाही असं जे जेल आपल्या हिशेबात चोथ्याच्या शेकडो पट कॅफिन आत पाठवू शकतं, त्याच जातीचं जेल स्वतःच्या रिकाम्या डबीला हरवू शकलं नाही. मग दहा मिनिटांत धुऊन टाकलेल्या चोथ्याकडून कोणती अपेक्षा ठेवायची? कुणाला फ्रिजमधल्या चोथ्याने डोळ्यांखाली बरं वाटत असेल तर वाटतंच, मी नाही म्हणत नाही. फ्रिजमध्ये ठेवलेल्या चमच्यानेही वाटेल. चमचा निदान डोळ्यात जात नाही.

जांभळं द्रावण फिकं होतं, मग?

तिसरा दावा अँटिऑक्सिडंटचा. चोथ्यात क्लोरोजेनिक आम्लं आणि भाजताना तयार झालेली मेलॅनॉइडिन्स उरतात, हे खरं आहे. त्यावर पेपरही भरपूर आहेत. बहुतेकांमध्ये एक चाचणी सापडेल: डीपीपीएच. हा एक स्थिर मुक्तमूलक, त्याचं द्रावण गडद जांभळं. त्यात अँटिऑक्सिडंट घातलं की रंग फिका पडतो. ५१७ नॅनोमीटरला शोषण मोजायचं, टक्केवारी काढायची, आलेख मांडायचा. एमएस्सीला तुम्हीही केली असेल.

चाचणीत दोष नाही, दोष अर्थ लावण्यात आहे. परीक्षानळीत टाकलेला असतो चोथ्याचा अर्क: अल्कोहोल आणि पाण्याच्या मिश्रणात, बरेचदा गरम करून, बराच वेळ ढवळून काढलेला. आपल्या चेहऱ्यावर अर्क नसतो, चोथा असतो. परीक्षानळीत त्वचाही नसते. क्लोरोजेनिक आम्लाचा रेणू कॅफिनच्या जवळजवळ पावणेदोन पट जड आणि पाण्यातच रमणारा, म्हणजे त्वचेच्या तेलकट पडद्यातून जायला कॅफिनहूनही नालायक. त्यामुळे "चोथ्याच्या अर्काने डीपीपीएच निष्प्रभ केलं" या निष्कर्षातून "चोथा लावल्याने सुरकुत्या लांबतात" इथवर यायला मध्ये चार पायऱ्या लागतात: अर्क वेगळा करणं, तो टिकवणं, आत पोचवणं आणि माणसांवर महिनोन्‌महिने मोजणं. चोथ्यापासून काढलेलं तेल किंवा अर्क क्रीममध्ये घालून चाचण्या घेणाऱ्या प्रयोगशाळा या पायऱ्या चढतायत, आणि ते काम गंभीर आहे. पण त्यांचं यश बरणीच्या खात्यावर जमा करता येत नाही.

मग खरं काय?

आता बहिणीला मी जे आधी सांगितलं ते: "पहिल्या दिवशी कातडी मऊ लागली होती ना? ती खरीच मऊ झाली होती."

त्वचेचा सगळ्यात वरचा थर, स्ट्रॅटम कॉर्नियम, मृत चपट्या पेशींचा असतो आणि शरीरावर बहुतेक ठिकाणी फक्त १० ते २० मायक्रोमीटर जाड. म्हणजे कागदाहून बराच पातळ. त्यातल्या सगळ्यात वरच्या पेशी सुटायच्या बेतात असतात. कोरड्या त्वचेवर त्या नीट न सुटता कोपऱ्यांनी उचललेल्या राहतात, म्हणून हात फिरवला की खरखरीत लागतं. चोथ्याचा कण त्या पेशी खरवडून काढतो आणि खरखर जाते. हा परिणाम खरा, लगेच दिसणारा आणि मोजता येणारा आहे. टाचा, कोपरं, गुडघे अशा जाड त्वचेच्या जागी तो जास्तच जाणवतो.

वरून तेल. तेलाचा थर पाणी उडून जाण्याचा वेग कमी करतो आणि पृष्ठभागावरच्या खाचा भरतो. खाचा भरल्या की प्रकाश विखुरण्याऐवजी एका दिशेने परततो, आणि आपण म्हणतो "ग्लो आला". घासल्याने रक्तपुरवठा वाढून तात्पुरता लालिमाही येतो. तो कॅफिनने नाही, घासण्याने येतो. टॉवेलनेही येईल.

चौथी गोष्ट खरी आहे, पण ती त्वचेबद्दल नाही. स्क्रबमध्ये पूर्वी सर्रास प्लास्टिकचे बारीक मणी असत. अमेरिकेने २०१५ साली कायदा करून आणि ब्रिटनने २०१८ मध्ये बंदी घालून धुऊन टाकायच्या सौंदर्यप्रसाधनांतून ते हटवले. चोथा कुजतो, ते मणी कुजत नव्हते. या तुलनेत चोथा जिंकतो. (फक्त तेलात कालवलेला चोथा मोरीच्या जाळीत घट्ट बसतो, तेव्हा आधी पुसून कचऱ्यात टाका.)

म्हणजे जे फायदे खरे, ते कणाचे आणि तेलाचे. कॉफीचे नव्हेत. तांदळाचं जाडसर पीठ किंवा आजीचं मसूर डाळीचं उटणं हेच काम करतं.

बहिणीच्या मानेचं काय?

टॅन म्हणजे ऊन लागल्याने वाढलेलं मेलॅनिन. ते तयार होतं बाह्यत्वचेच्या तळाला आणि पेशींबरोबर हळूहळू वर सरकतं. हा प्रवास साधारण महिनाभराचा किंवा त्याहून जास्त. स्क्रब पोचतो तो फक्त वरच्या दोनचार पेशीथरांपर्यंत. वरवरचा मळ आणि सुटत आलेल्या पेशी गेल्या की रंग किंचित उजळ भासतो, म्हणून दुसऱ्या दिवशी आपण आणखी जोर लावतो. पण खाली कारखाना चालूच असतो.

आणि आपल्यासारख्या सावळ्या, गव्हाळ त्वचेत तो कारखाना घर्षणाला प्रतिसाद देतो. रोज रगडलं की सौम्य दाह होतो, दाहाला उत्तर म्हणून रंगद्रव्य वाढतं आणि पट्टे उठतात. खरखरीत नायलॉनच्या घासणीने वर्षानुवर्षं पाठ आणि दंड घासणाऱ्यांमध्ये असा काळपटपणा त्वचारोगतज्ज्ञांच्या चांगला ओळखीचा आहे. गळ्याचं हाड आणि मानेची बाजू तर कातडीखाली फारसं मांस नसलेल्या किंवा पातळ त्वचेच्या जागा. तिथे कण जास्तच रुततो. बहिणीच्या डॉक्टरांनी महागडं काही दिलं नाही. घासणं बंद करायला आणि सनस्क्रीन लावायला सांगितलं. पट्टे फिके व्हायला चारेक महिने लागले. साखरपुड्याचे फोटो मात्र बंद गळ्याच्या ब्लाउजमधले आहेत.

इथे एक सावधगिरीची टीप, नाहीतर मीही त्याच चुकीत सापडेन. "स्क्रबने त्वचेला सूक्ष्म चिरा पडतात" हे वाक्य तुम्ही सगळीकडे वाचलं असेल. अमेरिकेत अक्रोडाच्या सालीचा चुरा असलेल्या एका प्रसिद्ध स्क्रबविरुद्ध याच मुद्द्यावर दावा झाला होता. २०१८ मध्ये तो फेटाळला गेला, कारण अशा चिरांमुळे ग्राहकांना प्रत्यक्ष इजा होते हे दाखवता आलं नाही. म्हणजे टीका करणाऱ्यांनाही तेच चार प्रश्न लागू. बहिणीच्या मानेवरून मी "कॉफी स्क्रब घातक" म्हणू शकत नाही. एका माणसावर, तीन आठवडे, रोज, जोराने घासलेला स्क्रब आणि त्यानंतर उठलेले पट्टे: एवढंच माझ्या हातात आहे. घर्षणाने असं होतं हे आधीपासून माहीत असल्याने कारण पटतं. पण हा कण चोथ्याचा नसून साखरेचा असता तर पट्टे उठले नसते, असं म्हणायला माझ्याकडे काहीच आधार नाही.

बरणीबद्दल एक शंका मात्र रास्त होती. ती महिन्याभराची होती आणि न्हाणीघरातच असायची. वापरलेल्या चोथ्यावर धिंगरी अळिंबी पिकवतात, इतका तो बुरशीला मानवतो. ओला चोथा दमट हवेत उघडा राहिला की दोनचार दिवसांत पांढरी-राखाडी लव येते, आंबूस वास येतो, गुठळ्या होतात. डोळ्याला बुरशी दिसते तेव्हा ती बरीच आधी रुजलेली असते. तेलात बुडवला म्हणजे टिकला असं नाही, कारण कणाच्या आतलं पाणी तिथेच असतं आणि ओली बोटं रोज भर घालतात. वापरायचाच तर त्या दिवशीचा चोथा, एका वेळेपुरता. मुरुमं, एक्झिमा किंवा खरचटलेल्या जागी नकोच.

तुम्ही हा प्रयोग कसा लावाल?

आता तुमची पाळी. "कॉफीच्या चोथ्यामुळे त्वचेला फायदा होतो का" हा सिनॉप्सिसचा प्रश्न म्हणून नापास आहे, कारण "चोथ्यामुळे" या शब्दात तीन गोष्टी लपल्यात: कण, तेल आणि विरघळणारी द्रव्यं. त्या सोडवा.

माझा आराखडा असा. तीन नमुने घ्यायचे. पहिला, नुसतं तेल. दुसरा, तेल आणि निःसत्त्व केलेला चोथा. तिसरा, तेल आणि नेहमीचा चोथा. निःसत्त्व करायला तोच चोथा ताज्या पाण्यात तीनचारदा उकळून, गाळून वाळवायचा, आणि शेवटच्या गाळलेल्या पाण्यात कॅफिन उरलं नाही हे मोजून खात्री करायची. दुसरा आणि तिसरा चोथा एकाच चाळणीतून चाळून एकाच ओलाव्याला आणायचा, म्हणजे हाताला फरक कळणार नाही. लावणाऱ्याला आणि मोजणाऱ्याला कोणता नमुना कोणता हे माहीत नको. एकाच व्यक्तीच्या हातावर तीन चौकोन आखायचे, कोणत्या चौकोनात काय हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. घासायचा वेळ आणि फेऱ्या ठरलेल्या. मोजायचं काय, तर खरखर, ओलावा, त्वचेतून उडणारं पाणी आणि रंग. लगेच, दुसऱ्या दिवशी आणि चार आठवड्यांनी.

आता प्रत्येक तुलनेचा अर्थ लागतो. पहिल्या-दुसऱ्यातला फरक म्हणजे कणाचा परिणाम. दुसऱ्या-तिसऱ्यातला फरक म्हणजे कॉफीचा परिणाम. माझा अंदाज, वरच्या हिशेबावरून: पहिला फरक स्पष्ट दिसेल, दुसरा दिसणार नाही. चुकले तर मला आनंद होईल, कारण मग आपल्या kp च्या गणितात काहीतरी राहून गेलंय आणि ते शोधण्यासारखं आहे. उडणारं पाणी चार आठवड्यांनी कण असलेल्या दोन्ही चौकोनांत वाढलेलं दिसलं, तर बहिणीच्या मानेकडे जाणारी वाटही सापडेल.

हो, आणि दुसरा नमुना सोडून देण्याचा मोह होईल, कारण चोथा चारदा उकळायला कंटाळा येतो. पण तोच तुमचा प्रयोग आहे. उरलेले दोन नमुने घेऊन जे छापाल, ते कॉफीच्या जाहिरातीत आधीच छापलेलं आहे.

बहीण हे सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे टाचांना चालेल?"

चालेल. आठवड्यातून एकदा, हलक्या हाताने, ताजा चोथा. बरणी मी तुळशीच्या कुंडीशेजारच्या कंपोस्टच्या डब्यात रिकामी करणार होते, पण तेलामुळे तेही जमलं नाही. टिपून घेऊन ओल्या कचऱ्यात टाकली.